लोगो सरकवला, पण जुन्या जागी डाग दिसतोय? या चुका टाळा

मागच्या महिन्यात एका केटरिंगवाल्याच्या टेम्पोचा फोटो माझ्याकडे आला. पांढरी बंद बॉडी, पत्र्याला उभ्या पन्हळी, आणि लाल लोगो नेमका मागच्या चाकावर. जाहिरातीत मागच्या भागावर मेनू छापायचा होता, म्हणून लोगो केबिनकडे सरकवायचा. "पाच मिनिटांचं काम आहे ना?" असं त्यांनी विचारलं आणि मीही हो म्हणालो.

पहिली चूक तिथेच झाली. फोटोशॉपचं Content-Aware Move टूल घेतलं, लोगोभोवती घेरा काढला आणि ओढून सोडला. हे टूल दोन्ही कामं एकदम करतं, उचललेली वस्तू नव्या जागी बसवतं आणि जुनी जागा बुजवतं. पण बसवताना ते वस्तूच्या कडा आजूबाजूच्या रंगात मिसळून घेतं. गवतातला दगड सरकवायचा असेल तर ठीक. अक्षरं असली की कडा विरघळल्यासारख्या होतात, आणि लोगोत ते लगेच डोळ्यांत भरतं. त्यामुळे लोगो वेगळ्या लेयरवर उचलायचा आणि खड्डा स्वतंत्रपणे बुजवायचा, हे बरं.

इथे बहुतेक जण दुसरी चूक करतात. दोन्ही कामांना एकच सिलेक्शन वापरतात. लोगो उचलायला घट्ट सिलेक्शन लागतं, तर खड्ड्याला सैल. जेपीजी फोटो ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींत दाबला जातो, त्यामुळे लाल रंगाची पुसट झाक लोगोच्या कडेबाहेरही सांडलेली असते. घट्ट सिलेक्शनने बुजवलं तर ती झाक तशीच राहते आणि पांढऱ्या पत्र्यावर गुलाबी भूत दिसतं. म्हणून आधी Ctrl+J ने लोगोची प्रत वेगळ्या लेयरवर घ्या. त्यात सिलेक्शन निघून जातं, म्हणून नव्या लेयरच्या थंबनेलवर Ctrl धरून क्लिक करून ते परत आणा. मग मूळ लेयरवर जाऊन तेच सिलेक्शन Select > Modify > Expand ने ८ ते १० पिक्सेल वाढवा आणि त्यानंतरच बुजवायला घ्या.

बुजवण्यासाठी Edit > Content-Aware Fill उघडलं की फोटोवर हिरवा थर दिसतो. जिथे हिरवं आहे तिथूनच भरावाचा माल उचलला जातो. माझ्या फोटोत त्या हिरव्यात चाक आणि मडगार्डही आलं होतं, म्हणून पत्र्यावर टायरचा काळा तुकडा उगवला. वजाबाकीच्या ब्रशने चाक, खिडकी, रस्ता पुसून फक्त स्वच्छ पत्रा ठेवला. Output To मध्ये New Layer निवडा, म्हणजे जमलं नाही तर तो थर उडवता येतो.

तरीही पन्हळी जुळेनात. मधेच एखादी रेघ तुटायची, तर कुठे वाकायची. अशा ठिकाणी सॉफ्टवेअरच्या अंदाजावर बसू नये. बाजूचाच रिकामा पत्रा कापून खड्ड्यावर ठेवावा, पण पूर्ण पन्हळींच्या हिशेबाने. मी मोजलं, दोन पन्हळींमधलं अंतर ६२ पिक्सेल होतं. ६२, १२४, १८६ असंच सरकवायचं, अधेमधे नाही. फोटो अगदी समोरून काढलेला होता म्हणून हे जमलं. तिरका असता तर लांबच्या पन्हळी अरुंद होत गेल्या असत्या, आणि लोगोही Distort ने तेवढाच आवळावा लागला असता.

हाच हिशेब लोगोलाही लागू पडतो, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. लोगो पन्हळींवरच रंगवलेला, म्हणजे त्याच्या लाल रंगातही उजेड-सावलीचे पट्टे आहेत. मी आधी तो ८५० पिक्सेल पुढे नेला. जागा छान दिसत होती, पण काहीतरी खटकत होतं. लोगोवरची सावली पत्र्याच्या उंचवट्यावर आली होती. १४ पन्हळी म्हणजे ८६८ पिक्सेल केल्यावर लोगो पत्र्याला चिकटल्यासारखा बसला.

उरतो उजेड. केबिनकडे ऊन जास्त होतं, त्यामुळे लोगो मळकट वाटायला लागला. लोगोच्या लेयरला क्लिप केलेला Curves लेयर लावून तो थोडा उजळला. भराव तपासायलाही Curves कामाचं. सर्वांत वर एक तात्पुरता Curves लेयर घेऊन रेघ फार उभी करा, म्हणजे साध्या डोळ्यांना न दिसणारे ठिगळ नकाशासारखे उठून दिसतात. गंजाचा एकच ठिपका दोनदा आलाय का, तेही बघा. आला असेल तर एक पुसून टाका.

एवढं करून फाइल पाठवली. संध्याकाळी केटरिंगवाल्यांचा फोन आला. टेम्पोखाली पावसाचं डबकं होतं, आणि त्यात लाल लोगो अजून मागच्या चाकापाशीच उलटा तरंगत होता.