घरात अचानक आजारपण आलं तर विमानाचं बदल शुल्क माफ कसं मागावं?

समजा, शुक्रवारी सकाळी छत्रपती संभाजीनगरहून दिल्लीचं विमान आहे आणि गुरुवारी रात्री वडिलांना लातूरच्या दवाखान्यात ॲडमिट करावं लागलं. अशा वेळी पत्र नंतर, आधी तिकीट वाचवा. विमान सुटण्याआधी, कंपनीच्या मुदतीत, तारीख बदला किंवा कस्टमर केअरला कळवून तक्रार क्रमांक घ्या. न कळवता विमान चुकलं आणि एकदा का ‘नो-शो’ लागला, की माफी मिळणं फार अवघड होतं. तिकीट एजंटकडून काढलं असेल तर बदलही त्याच्याकडूनच करावा लागू शकतो, म्हणून त्याला लगेच फोन लावा.

पत्रात मागणी नेमकी हवी. बदल शुल्क आणि भाड्यातला फरक या दोन वेगळ्या रकमा आहेत. दोन्ही माफ करा म्हटलं की सरळ नकार येण्याचीच शक्यता जास्त. असं लिहा:

“पीएनआर अमुक. माझे वडील दि. … रोजी रात्री अतिदक्षता विभागात दाखल झाले. त्यांच्याजवळ थांबणं भाग असल्याने प्रवास पुढे ढकलला. भाड्यातला फरक मी भरला आहे. फक्त बदल शुल्क रु. … परत करावे, ही विनंती.”

सोबत डॉक्टरांचं लेटरहेडवरचं, सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र जोडा. त्यावर दाखल झाल्याची तारीख हवीच, कारण आजारपण तिकीट काढल्यानंतरचं आहे हे त्यावरूनच कळतं. नातं दाखवायला आधार किंवा रेशन कार्ड चालू शकतं. सगळे रिपोर्ट मात्र पाठवू नका, ती घरची खासगी गोष्ट आहे.

माफी देणं कंपनीच्या मर्जीवर असतं. उत्तरच आलं नाही तर कंपनीच्या तक्रारी पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला लिहा, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा.