इथेनॉलच्या ज्वलनाची एन्थाल्पी बंधांवरून कशी काढावी, आणि ती तक्त्याशी का जुळत नाही

एक मोल इथेनॉल, म्हणजे सुमारे ४६ ग्रॅम, पूर्ण जळाले की १३६७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. हा तक्त्यातला आकडा. तीच उष्णता सरासरी बंध एन्थाल्पीवरून काढली तर उत्तर १२६७ येते. शंभराचा फरक दिसला की बहुतेक जण बेरीज पुन्हा तपासायला बसतात. बेरीज बरोबरच असते. त्या शंभरातले ८९ एका कारणाचे असतात आणि ११ दुसऱ्या. दोन्ही वेगवेगळे करून दाखवता येतात.

आधी रचनासूत्र काढा

संतुलित समीकरण असे:

```
C2H5OH + 3 O2 → 2 CO2 + 3 H2O
```

यावरून थेट बंध मोजू नका. प्रत्येक रेणूचे रचनासूत्र कागदावर काढा आणि रेघा मोजा. इथेनॉलमध्ये पाच C–H, एक C–C, एक C–O आणि एक O–H आहे. हायड्रोजन सहा दिसतात म्हणून सहा C–H धरणे ही नेहमीची चूक. नुसते C2H6O लिहिले असेल तर तो डायमिथिल ईथरही असू शकतो. त्यात खरेच सहा C–H असतात आणि बंधांची बेरीज ३९ किलोज्यूलने कमी भरते.

उजवीकडे CO2 च्या प्रत्येक रेणूत दोन C=O, म्हणजे एकूण चार. पाण्याच्या प्रत्येक रेणूत दोन O–H, म्हणजे एकूण सहा. समीकरणातला सहगुणक आणि रेणूतल्या बंधांची संख्या यांचा गुणाकार करायचा असतो. घाईत यातले एक हमखास सुटते.

मूल्ये एकाच तक्त्यातून घ्या

इथे वापरलेली मूल्ये, सगळी किलोज्यूल प्रति मोलमध्ये: C–H ४१३, C–C ३४७, C–O ३५८, O–H ४६३, O=O ४९८, आणि कार्बन डायऑक्साइडमधला C=O ८०४. वेगवेगळ्या पुस्तकांत ही दोन-चार किलोज्यूलने वेगळी सापडतील. त्याने बिघडत नाही. मात्र अर्धी एका पुस्तकातून आणि अर्धी दुसऱ्यातून उचलू नका.

C=O पाशी थांबून नीट पाहायला हवे. बहुतेक तक्त्यांत C=O समोर ७४५ च्या आसपासचा आकडा असतो. तो अल्डिहाइड, कीटोन यांसारख्या संयुगांवरून काढलेला असतो. कार्बन डायऑक्साइडमधला बंध त्याहून बराच मजबूत आहे, म्हणून त्याचा आकडा वेगळ्या ओळीत किंवा तळटीपेत दिलेला असतो. ७४५ वापरलात तर चार बंधांमागे २३६ किलोज्यूल कमी पडतात आणि उत्तर −१०३१ येते. इंधनाच्या ज्वलनात उत्तर तक्त्यापेक्षा दोन-तीनशेने कमी आले, तर सर्वांत आधी हाच आकडा पाहा.

तोडलेले बंध, मग जोडलेले बंध

बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते, बंध जुळताना ती बाहेर पडते. म्हणून सूत्र एवढेच: तोडलेल्या बंधांची बेरीज वजा जोडलेल्या बंधांची बेरीज. प्रत्यक्ष ज्वालेत सगळे बंध आधी तुटतात आणि मग नवे जुळतात असे मुळीच होत नाही. पण एन्थाल्पीतला बदल मार्गावर अवलंबून नसतो, त्यामुळे सर्व अणू सुटे करून पुन्हा जोडण्याचा हा काल्पनिक मार्ग हिशेबाला चालतो.

तोडलेले:
C–H: ५ × ४१३ = २०६५
C–C: ३४७
C–O: ३५८
O–H: ४६३
O=O: ३ × ४९८ = १४९४
एकूण ४७२७

जोडलेले:
C=O: ४ × ८०४ = ३२१६
O–H: ६ × ४६३ = २७७८
एकूण ५९९४

४७२७ − ५९९४ = −१२६७ किलोज्यूल प्रति मोल. उत्तर ऋण, म्हणजे अभिक्रिया ऊष्मादायी. ज्वलनाचे उत्तर धन आले तर वजाबाकी उलटी झाली आहे. निर्मिती एन्थाल्पीच्या गणितात 'उत्पादिते वजा अभिकारके' असा क्रम असतो आणि इथे तो नेमका उलट, त्यामुळे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी शिकणाऱ्यांची इथे गल्लत होते.

शंभरातले ८९: अवस्था

बंध एन्थाल्पी ही वायुरूप रेणूतला बंध तोडण्याची एन्थाल्पी आहे. आपल्या बेरजेत इथेनॉलही वायू होता आणि पाणीही वाफ होती. तक्त्यातला −१३६७ हा आकडा मात्र २५ अंश सेल्सिअस तापमानाचा आहे, म्हणजे इथेनॉल द्रव आणि तयार झालेले पाणीही द्रव. तुलना करण्याआधी दोन्ही एका पातळीवर आणावे लागतात.

द्रव इथेनॉलची वाफ करायला मोलमागे सुमारे ४३ किलोज्यूल लागतात. ती ऊर्जा आपण दिलीच नव्हती, म्हणून उत्तरात ४३ मिळवा. दुसऱ्या बाजूला तीन मोल वाफेचे पाणी होताना प्रत्येकी ४४, म्हणजे १३२ किलोज्यूल बाहेर पडतात. ते वजा करा.

−१२६७ + ४३ − १३२ = −१३५६

शंभराचा फरक अकरावर आला. ही दुरुस्ती न करता 'पद्धतच ढोबळ आहे' असे म्हणून सोडून देणे हा पद्धतीवर अन्याय आहे. यातला वाफेचा भाग व्यवहारातही दिसतो. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल इंजिनात जळते तेव्हा पाणी वाफेच्या रूपातच बाहेर जाते आणि ते १३२ किलोज्यूल हाती लागत नाहीत. म्हणून इथेनॉलचे उष्मांक मूल्य काही ठिकाणी ग्रॅमला सुमारे २९.७ किलोज्यूल दिलेले असते, तर काही ठिकाणी २६.८. दोन्ही खरे, पहिल्यात पाणी द्रव धरलेले आहे, दुसऱ्यात वाफ.

उरलेले ११: सरासरी

आता सगळे वायू धरून तुलना करू. निर्मिती एन्थाल्पीवरून वायुरूप अभिक्रियेचे उत्तर −१२७८ येते, आपले −१२६७. हे ११ नेमके कुठे आहेत ते शोधता येते, कारण प्रत्येक रेणू पूर्णपणे सुट्या अणूंमध्ये मोडायला किती ऊर्जा लागते हे निर्मिती एन्थाल्पीवरून स्वतंत्रपणे काढता येते.

इथेनॉलच्या वायुरूप रेणूसाठी ती ३२२५ आहे. आपल्या बंधांची बेरीज ३२३३ झाली होती. म्हणजे आठ किलोज्यूल एकट्या इथेनॉलमधले. उरलेल्या तिनांचा उगम बघा: पाण्यासाठी ही ऊर्जा ९२७ आहे, म्हणजे प्रत्येक O–H ला ४६३.५. तक्त्यात ४६३ छापलेले असते. सुटलेला अर्धा किलोज्यूल सहा बंधांत मिळून तीन होतो. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या आकड्यांतही अशीच किरकोळ सूट आहे, पण त्या दोन्ही जवळजवळ एकमेकींना खोडतात.

मग इथेनॉलचेच आठ का? कारण O=O चा आकडा ऑक्सिजनवरूनच काढलेला आहे आणि ८०४ हा कार्बन डायऑक्साइडवरूनच, पण ४१३, ३४७ आणि ३५८ हे अनेक संयुगांची सरासरी आहेत. इथेनॉलमधल्या कोणत्याही बंधाचे खरे मूल्य तेवढेच असेल असे नाही. OH च्या शेजारच्या कार्बनवरचे दोन C–H आणि टोकाच्या कार्बनवरचे तीन C–H सारखे नसतात. तक्ता पाचांनाही ४१३ देतो.

एकाच रेणूतही हे दिसते. मिथेनमधून हायड्रोजन एकेक करून काढला तर पहिल्याला सुमारे ४३९, दुसऱ्याला ४६२, तिसऱ्याला ४२४ आणि चौथ्याला ३३८ किलोज्यूल लागतात. चौघांची सरासरी ४१६, पण प्रत्यक्षात एकही बंध ४१६ ला तुटत नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये तर पहिला ऑक्सिजन ५३२ ला सुटतो आणि मागे राहिलेला CO मोडायला १०७७ लागतात. आपण मात्र दोन्हीकडे ८०४ लिहिले आणि उत्तर बिघडले नाही, कारण आपल्याला बेरीज हवी होती. पण प्रश्न 'फक्त पहिला बंध तोडायला किती ऊर्जा लागेल' असा असेल, तर सरासरीचा आकडा वापरूच नका.

ही पद्धत कुठे वापरू नये

आपले उत्तर म्हणजे दोन मोठ्या आकड्यांमधली वजाबाकी आहे. ५९९४ मध्ये एका टक्क्याची चूक झाली तरी ती ६० किलोज्यूल होते. ज्वलनात उत्तरच हजाराच्या पुढे असल्याने ते खपून जाते. उत्तर लहान असेल तर नाही. ब्युटेन आणि आयसोब्युटेन घ्या, स्वयंपाकाच्या गॅसमध्ये दोन्ही असतात. दोघांतही दहा C–H आणि तीन C–C. एकातून दुसरा होताना बंधांचा हिशेब शून्य सांगतो. प्रत्यक्षात आयसोब्युटेन साधारण साडेआठ किलोज्यूलने खाली आहे. बंध कोणाशेजारी आहे हे या तक्त्याला कळतच नाही.

बेन्झीनमध्ये फरक याहून खूप मोठा आहे आणि त्याचे कारणही वेगळे आहे. तीन एकेरी, तीन दुहेरी बंध काढून त्यावर तीन मोल हायड्रोजन चढवला, C=C ला ६१२ आणि H–H ला ४३६ धरले, तर उत्तर येते −३७५. मोजलेले मूल्य आहे सुमारे −२०८. हा १६७ चा फरक सरासरीच्या ढोबळपणाचा नाही. रचनासूत्रात काढलेला रेणू प्रत्यक्षात नाहीच. बेन्झीनमधले सहाही कार्बन-कार्बन बंध १३९ पिकोमीटर लांबीचे आहेत, एकेरी बंधापेक्षा आखूड आणि दुहेरीपेक्षा लांब.

मात्र ते १६७ सगळेच्या सगळे बेन्झीनच्या जादा स्थैर्याच्या नावावर टाकू नका. सायक्लोहेक्झीनचा एकच दुहेरी बंध याच पद्धतीने −१२५ देतो आणि मोजलेला आकडा −१२० आहे. म्हणजे प्रत्येक दुहेरी बंधामागे पाच किलोज्यूल ही सरासरीची नेहमीची चूक. तिघांचे पंधरा वजा केले की उरतात १५२, आणि रेणूचे खरे स्थैर्य तेवढेच धरले जाते.