असबाब-ए-नुजूल: सफा-मरवाच्या आयतीत होणाऱ्या चुका टाळा

असबाब-ए-नुजूल म्हणजे कुरआनाच्या आयती कोणत्या प्रसंगी उतरल्या ते. ते न बघता सूरह बकराची १५८वी आयत नुसत्या भाषांतरात वाचली तर गफलत ठरलेली. सफा आणि मरवा या मक्केतल्या टेकड्या अल्लाहच्या निशाण्या आहेत, हज किंवा उमरा करणाऱ्याने त्यांच्यामध्ये फेऱ्या घातल्या तर 'त्यात गुन्हा नाही', असं ती म्हणते. या फेऱ्यांनाच सई म्हणतात. गुन्हा नाही, म्हणजे सई केली काय न केली काय, सारखंच?

नेमका हाच अर्थ उर्वा बिन जुबैर यांनी काढला होता, आणि त्यांची तर मातृभाषाच अरबी. त्यांनी तो आपल्या मावशीला, पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांना बोलून दाखवला. 'फार चुकीचं बोललास, भाच्या,' त्या म्हणाल्या. तू म्हणतोस तसं असतं तर आयतीत 'फेऱ्या न घालण्यात गुन्हा नाही' असे शब्द आले असते. आयतीत आहे 'अन यत्तव्वफ'. उर्वांच्या अर्थासाठी 'अन ला यत्तव्वफ' हवं होतं. सगळा फरक त्या एका 'ला'चा.

मग 'गुन्हा नाही' हे आलं कुठून? मदिनेचे अन्सार इस्लामपूर्वी 'मनात' नावाच्या देवीसाठी इहराम बांधत, म्हणजे यात्रेचा संकल्प करत, आणि सफा-मरवामध्ये फिरणं टाळत. मुसलमान झाल्यावर त्यांनी पैगंबरांना विचारलं, तेव्हा ही आयत उतरली. म्हणजे हे त्यांच्या मनातल्या संकोचाला दिलेलं उत्तर आहे, सवलत नव्हे.

इथे उलट्या बाजूची चूक होते. प्रसंग कळला म्हणून सई फर्ज ठरली, असं लोक धरून चालतात. प्रसंगाने फक्त चुकीचा अर्थ बाजूला सारला. सई सोडता येत नाही यासाठी आयशांनी पैगंबरांच्या आचरणाचा दाखला दिला. दर्जाबद्दल तर फिक्हच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, इमामांमध्येही मतभेद आहेत: शाफई आणि मालिकी सईला हजचा रुक्न मानतात, तर हनफी वाजिब. रुक्न सुटला तर हज पुरा होत नाही. वाजिब सुटलं तर कुर्बानी देऊन भरपाई होते.

आयत अन्सारांपुरतीच, असंही समजू नका. बहुसंख्य उलमांचा नियम असा, की हुकूम शब्दांच्या व्यापकतेवर चालतो, प्रसंगापुरता अडकत नाही.

दुसरी रिवायत, म्हणजे प्रसंगाची सांगत आलेली दुसरी हकिकत, सापडली की एक खरी, दुसरी खोटी ठरवायची घाईही नको. याच आयतीबद्दल अबू बक्र बिन अब्दुर्रहमान यांनी वेगळ्या लोकांची गोष्ट ऐकली होती. ते आधीपासून सफा-मरवामध्ये फिरत, पण कुरआनात काबाच्या तवाफाचा, म्हणजे प्रदक्षिणेचा, उल्लेख आला आणि सफा-मरवाचा नाही, म्हणून बिचकले होते. आयत दोन्ही गटांबद्दल उतरली असावी, असं अबू बक्र यांचं मत पडलं.

रिवायतीची शब्दरचनाही बघा. 'असं घडलं, म्हणून आयत उतरली' हे प्रसंगाचं थेट कथन. नुसतं 'नजलत फी', म्हणजे 'याबद्दल उतरली', असेल तर सांगणाऱ्याला कधी कधी एवढंच म्हणायचं असतं, की ही बाबही आयतीच्या अर्थात येते. इब्न तैमिय्या यांनी हा फरक मुद्दाम नोंदवून ठेवला आहे.