टॅक्स पावती दाखवली म्हणून फ्लॅट अधिकृत होत नाही : अनधिकृत बांधकाम, नियमितीकरण आणि लोन, या चुका टाळा

मी पुण्यात होमलोनच्या फाईली करतो, म्हणजे गिऱ्हाइकाचे कागद गोळा करायचे, बँकेत द्यायचे आणि मंजुरी येईपर्यंत मागे लागायचं. महिन्यातून एक-दोन फाईली तरी अशा परत येतात की माणसाचा पगार चांगला, सिबिल चांगला, सगळं चांगलं, आणि फ्लॅटच बँकेला चालत नाही. तोपर्यंत टोकन देऊन झालेलं असतं. ते टोकन वाचावं म्हणून हे लिहितोय.

गेल्या वर्षीची एक केस सांगतो. नवरा-बायको दोघं नोकरीवाले, महापालिकेत 2021 मध्ये आलेल्या एका गावात चौथ्या मजल्यावरचा वन बीएचके, किंमत 34 लाख, टोकन 2 लाख देऊन टाकलेलं. खाली पार्किंग, वर पाच मजले, लिफ्ट, नवीन टाईल्स, बिल्डिंग एकदम छान. विकणाऱ्याने जाड फाईल दाखवली, त्यात इंडेक्स टू, लाईट बिल, टॅक्सच्या पावत्या, ग्रामपंचायतीचा दाखला, आणि वर म्हणाला, "दादा, मी स्वतः टॅक्स भरतोय, अनधिकृत असतं तर पालिकेने टॅक्स घेतला असता का?" ऐकायला एकदम पटतं. आणि पहिली चूक नेमकी इथेच होते.

टॅक्स, लाईट बिल, इंडेक्स टू म्हणजे परवानगी नाही

पालिका अनधिकृत बांधकामावरही टॅक्स लावते, उलट जास्तच लावते. महापालिका अधिनियमात कलम 267अ आहे, त्यात अनधिकृत बांधकामाला नेहमीच्या मिळकत कराशिवाय शास्ती म्हणजे दंड लावायची तरतूद आहे, आणि हा कर आणि शास्ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित झालं असा अर्थ काढायचा नाही हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे. म्हणजे पावतीवर शास्तीची रक्कम दिसली तर तो उलट पुरावा आहे, पालिकेच्या दप्तरी हे घर अनधिकृत म्हणूनच आहे. खूप जण ती पावती अभिमानाने दाखवतात आणि मला सांगताना वाईट वाटतं.

इंडेक्स टूचंही तसंच, रजिस्टर ऑफिसात व्यवहाराची नोंद होते, कोणी कोणाला काय किमतीला विकलं एवढंच. बिल्डिंगचा नकाशा मंजूर आहे का, मजले किती मंजूर आहेत, याचं उत्तर तिथून मिळत नाही. आणि ग्रामपंचायतीचा दाखला तर सगळ्यात जास्त फसवतो. पुण्याभोवतीच्या गावांसाठी 2015 मध्ये पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण झालं, त्यानंतर बिल्डिंगची परवानगी पीएमआरडीएची नाहीतर हद्दीप्रमाणे महापालिकेची लागते, सरपंचाच्या सहीचा कागद बँक बाजूलाच ठेवते.

आमच्या केसमध्ये दाखल्यावर तारीख 2019 ची होती. बँकेचा व्हॅल्युअर साईटवर आला, त्याने मजले मोजले, टेपने फ्लॅट मोजला, दोन भिंतींचे फोटो काढले, आणि मग गाडीत बसून लॅपटॉपवर गूगल अर्थचं जुनं चित्र उघडलं. 2021 च्या चित्रात त्या जागी मोकळं शेत आणि कडेला एक पत्र्याची शेड. तो फक्त एवढंच म्हणाला, "ताई, 2019 मध्ये इथे काहीच नव्हतं." त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो.

बँक नाही का म्हणते

लोकांना वाटतं बँकवाले अडवतात, पैसे मागतात. तसं नाहीये. होमलोनमध्ये बँकेकडे तारण काय, तर तोच फ्लॅट. उद्या हप्ते थकले तर बँक तो ताब्यात घेऊन लिलाव करते, पण पाडायची नोटीस असलेला किंवा कागदावर नसलेलाच मजला लिलावात घेणार कोण? आणि पालिकेने पाडला तर तारणच संपलं, कर्ज मात्र उभंच राहतं, तुमच्या नावावर.

शिवाय बँकेला नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या गृहकर्जाच्या सूचनांमध्ये दिल्ली हायकोर्टाच्या आदेशावरून आलेला भाग आहे, त्यात तयार घरासाठी लोन घेताना ते मंजूर नकाशाप्रमाणे बांधलंय असं प्रतिज्ञापत्र कर्जदाराने द्यायचं, बँकेच्या आर्किटेक्टने तसं प्रमाणित करायचं, आणि अनधिकृत वसाहतीतल्या मिळकतीवर ती नियमित होऊन विकास शुल्क आणि बाकीचे पैसे भरले जाईपर्यंत लोन द्यायचंच नाही असं आहे. त्यावर 17 डिसेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने मेरठच्या एका अनधिकृत बांधकामाच्या केसमध्ये निकाल दिला, त्यात बँकांनी कम्प्लीशन किंवा भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बिल्डिंग मंजुरीप्रमाणे पूर्ण झाली आणि वापरायला हरकत नाही असा अधिकृत कागद, तपासूनच इमारतीच्या तारणावर कर्ज मंजूर करावं असं स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे ओळखीच्या मॅनेजरला सांगून काम होईल हा विचारच सोडा, फाईल त्याच्या हातात नसते, लीगल आणि टेक्निकल रिपोर्टवर अडकते.

"फी भरून रेग्युलराईज करू की"

ही सगळ्यात महाग पडणारी चूक, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. विकणारा सांगतो की फाईल टाकलीये, तीन-चार महिन्यात फी भरली की झालं. पण नियमितीकरण म्हणजे दंड भरून माफी नाही. नियमाप्रमाणे आधीच परवानगी मागितली असती तर जेवढं मिळालं असतं, साधारण तेवढंच नंतर नियमित होतं, त्यावर प्रशमन शुल्क म्हणजे आधी परवानगी न घेतल्याबद्दलची रक्कम, शिवाय विकास शुल्क, प्रीमियम लागतं. जे मिळालंच नसतं, ते फी कितीही भरली तरी सहसा मिळत नाही.

आमच्याच केसचं गणित बघा. प्लॉट 3 गुंठे, म्हणजे साधारण 303 चौरस मीटर. समोरचा रस्ता 6 मीटर. 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत गावठाण आणि दाट वस्ती सोडून 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते, 1.10, आणि पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय किंवा दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला हक्क म्हणजे टीडीआर मिळत नाही. म्हणजे 333 चौरस मीटर. त्यावर पैसे भरून 60 टक्क्यांपर्यंत अॅन्सिलरी एफएसआय, म्हणजे जिने, बाल्कनी वगैरेसाठीचा जादा एफएसआय मिळतो, तो पूर्ण धरला तरी 533 च्या आसपास. आणि बांधलंय किती? पार्किंग सोडून पाच मजले, प्रत्येक मजला 160, म्हणजे 800. तीन मजल्यांचे 480 बसतात, चौथा धरला की 640 होतात, तो बाहेर गेला आणि पाचवा तर पूर्णच बाहेर. ह्यांचा फ्लॅट चौथ्यावर! शिवाय बाजूच्या बिल्डिंगच्या भिंतीला खिडकीतून हात लावता येईल एवढंच अंतर, म्हणजे सामासिक अंतराचा, प्लॉटच्या कडेने मोकळी सोडायच्या जागेचा, प्रश्न वेगळाच. रस्ता रुंद करणं कोणाच्या फीमध्ये नाही.

गुंठेवारीचं काय, असंही लगेच विचारतात. गुंठेवारी म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेले प्लॉट, ते नियमित करायचा कायदा 2001 चा, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात येऊ शकतात. आमच्या बिल्डिंगची वीट 2021 नंतरची, त्यामुळे तो दरवाजाही बंद. तारखेत बसत असेल तरी प्लॉट आरक्षणात किंवा नदीच्या पूररेषेत असेल तर अवघड आहे, ते आधी विकास आराखड्यावर बघून घ्या.

आणि फाईल टाकल्याची पोचपावती, आवक नंबर, आर्किटेक्टचं पत्र, यातलं काहीही बँक धरत नाही. बँकेला लागतं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र, त्यासोबत शिक्का मारलेला नकाशा ज्यात तुमचा मजला आणि तुमचा फ्लॅट नंबर दिसतोय, आणि भरलेली चलनं. शुल्क बिल्डिंगचं ठरतं, एका फ्लॅटचं नाही, त्यामुळे वीसपैकी सहा जण पैसे देत नसतील तर तुम्ही तुमचा वाटा भरूनही काही होत नाही.

"वरच्यांना एका बँकेने लोन दिलंय"

द्यायला नको होतं, दिलं गेलं, एवढाच त्याचा अर्थ. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारती बनावट बांधकाम परवानग्यांवर उभ्या राहिल्या, त्याच कागदांवर महारेरा नंबरही मिळाले, लोकांनी ते बघून घरं घेतली, कित्येकांनी लोनही काढलं, आणि 2024 मध्ये हायकोर्टाने त्या पाडायचा आदेश दिला. म्हणून रेरा नंबर बघा, पण त्यावर थांबू नका. बांधकाम परवानगीवरचा जावक नंबर आणि तारीख घेऊन बांधकाम परवानगी विभागात स्वतः जा, नोंद जुळते का विचारा, नाही सांगितलं तर माहिती अधिकारात नकाशाची प्रत मागा. प्रत आली की बिल्डिंगखाली उभं राहून मजले मोजा, मग एका मजल्यावरचे फ्लॅट मोजा. भोगवटा प्रमाणपत्र पार्ट असेल तर ते कोणत्या मजल्यापर्यंत आहे ते वाचा, खूप ठिकाणी तिसऱ्यापर्यंतचंच असतं आणि पाचव्याचा फ्लॅट त्याच कागदावर विकतात.

बँकेने नाही म्हटलं की काही जण पतसंस्थेकडे किंवा जास्त व्याजाच्या फायनान्सकडे वळतात. मी तरी करू नका म्हणतो, कारण हप्ता जास्त बसतोच, पण उद्या तुम्हाला विकायचा झाला तर तुमच्या गिऱ्हाइकालाही बँक लोन देणार नाही, मग रोख देणारा शोधावा लागतो आणि तो भाव पाडूनच मागतो.

आधीच घेऊन बसला असाल आणि नोटीस आली असेल तर दिवस मोजा. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 53 ची नोटीस असेल तर त्यात दिलेल्या मुदतीतच कलम 44 खाली बांधकाम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो, सगळ्या फ्लॅटवाल्यांनी मिळून, परवानाधारक आर्किटेक्टकडून, जागामालकाची सही घेऊन. वर केलं तसं एफएसआयचं गणित त्याच्याकडून आधी कागदावर मागा, पैसे नंतर द्या.

त्या दोघांचं टोकन परत मिळालं. विसार पावतीत मी एक ओळ घालायला लावली होती, की मिळकतीच्या कागदपत्रांमुळे बँकेने कर्ज नाकारलं तर पूर्ण रक्कम 30 दिवसात परत. विकणाऱ्याने बरीच टाळाटाळ केली, दोन चेकमध्ये दिले, दुसरा तर अडीच महिन्यांनी, पण बँकेचं नकाराचं पत्र हातात होतं आणि त्यात कारण टेक्निकल असं लिहिलेलं होतं, म्हणून त्याला नाही म्हणता आलं नाही. तुमची फाईल परत आली तर ते पत्र लेखी मागून घ्या, तोंडी नकारावर कोणी पैसे परत देत नाही.