उलटा फोटो आणि आजीचं गाव

आजोबांच्या जुन्या निगेटिव्हवरून स्कॅन केलेला फोटो मी टोरांटोहून आजीला पत्रात पाठवला आणि विचारलं, "आजी, हे कुठलं गाव गं?" उत्तर आलं, "देऊळ ओळखीचं वाटतं, पण गाव आपलं नाही."

फोटो पुन्हा नीट पाहिला. त्यातल्या तिन्ही पुरुषांच्या सदऱ्याचे खिसे उजव्या बाजूला होते. खिसा तर डावीकडे असतो! निगेटिव्ह उलटी ठेवल्यामुळे सगळं गाव आरशातल्यासारखं फिरलं होतं.

फोटो डावा-उजवा पलटवून ए-फोर कागदावर मोठा छापला. देऊळ, पार आणि वाट यांवर १, २, ३ आकडे टाकले. या खेपेला गावाचं नाव विचारलंच नाही. ठळक अक्षरांत लिहिलं, "आजी, ३ ची वाट कुठं जायची?"

आजीनं चार पानं लिहिली. हे जुनं पळसदेव, उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. ती वाट भीमेकडे उतरायची. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की देऊळ अजूनही वर येतं. शेवटी तिनं विचारलंय, "पारामागं आमचं दार दिसतंय का रे? माझ्या डोळ्यांना दिसंना."

तो कोपरा मोठा करून आजच पोस्टात टाकला.