गुणाकाराने सारख्या झालेल्या जोखमी : अहवालातला प्राधान्यक्रम कसा सुधारला

एका सहकारी पतसंस्थेच्या संगणक व्यवस्थेचे जोखीम मूल्यमापन मांडताना 41 ओळींच्या तक्त्यावर संचालक मंडळाची चर्चा दोन बैठका प्रिंटरवरच अडली. शक्यता आणि परिणाम यांना 1 ते 5 गुण देऊन मी गुणाकार केला होता. त्यामुळे वारंवार बंद पडणारा प्रिंटर (5×2) आणि बॅकअप त्याच सर्व्हरवर असल्याने सगळी खाती गमावण्याचा धोका (2×5) दोन्ही 10 गुणांवर येत होते. रंग भरून किंवा तक्ता लहान करून उपयोग झाला नाही. मी फार हताश झालो होतो.

उपाय या क्रमाने लागू पडला. प्रथम गुणांना अर्थ दिला : शक्यता 5 म्हणजे दरमहा, 2 म्हणजे पाच वर्षांतून एकदा, परिणाम 5 म्हणजे खात्यांच्या नोंदी कायमच्या जाणे, 2 म्हणजे एका खिडकीचे काम तासभर थांबणे. मग गुणाकार काढून टाकला आणि आधी परिणाम (स्तंभ D), नंतर शक्यता (स्तंभ C) अशी उतरती क्रमवारी लावली :

```
=SORTBY(A2:D42,D2:D42,-1,C2:C42,-1)
```

हे सूत्र एक्सेल 2021 पासून चालते. या क्रमवारीत भूकंपासारख्या अतिदुर्मीळ गोष्टी वर येतात, म्हणून शक्यता 1 असलेल्या ओळी परिशिष्टात हलवल्या. मात्र त्या मंडळाला तोंडी सांगितल्याच पाहिजेत. शेवटी पहिल्या पाच जोखमी एका पानावर घेऊन प्रत्येकीपुढे मागितलेला निर्णय, खर्च आणि मुदत लिहिली. पुढच्या बैठकीत पहिलाच प्रश्न बॅकअपचा आला आणि वेगळ्या इमारतीत प्रत ठेवण्यास तिथेच मंजुरी मिळाली.