नाशिकहून कामासाठी जर्मनीला निघण्यापूर्वी फोनचा डेटा कसा आवरावा

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतून कंपनीच्या कामासाठी श्टुटगार्टला येणारी आपली मंडळी व्हिसा, थंडीचे कपडे आणि मेतकुटाची पुडी यांची तयारी चोख करतात, मात्र फोन आहे तसाच घेऊन निघतात. खरी अडचण पहिल्या काही दिवसांची असते. जर्मनीत 2017 पासून प्रीपेड सिमसाठीही पासपोर्टसह ओळख पडताळून घ्यावी लागते. ती दुकानात अथवा व्हिडिओ कॉलवर होते आणि नवीन आलेल्या माणसाचे यात एक-दोन दिवस सहज जातात. तोपर्यंत आपल्याला भारतीय सिमच्या रोमिंग पॅकवरच काढावे लागते आणि तो पॅक आपण न वापरता, खिशातला फोन स्वतःच संपवून टाकतो. हा मजकूर मुख्यतः अँड्रॉइड फोन वापरणाऱ्यांसाठी आहे. आयफोनचा भाग पुढे थोडक्यात सांगितला आहे.

आधी एक फरक स्पष्ट करून घ्यावा, कारण त्यातूनच निम्मे गोंधळ होतात. आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा सिमवर सुरू असणे ही एक गोष्ट आहे आणि फोनमधील Roaming हे बटण सुरू असणे ही दुसरी. पहिली सेवा मोबाइल कंपनी सुरू करून देते आणि ती असल्याशिवाय परदेशात बँकेचा ओटीपी येत नाही, म्हणून ती निघण्यापूर्वी सुरू करून घेणे आवश्यक आहे. दुसरे बटण केवळ डेटा अडवते. ते बंद असले तरी एसएमएस आणि फोन येत राहतात. त्यामुळे ओटीपीच्या भीतीने हे बटण सुरू ठेवण्याचे काहीही कारण नाही. Settings मध्ये Network & internet, तेथे SIMs आणि मग आपले भारतीय सिम निवडल्यावर हे बटण दिसते. पॅक घेतलेला असला तरी, तो सुरू झाल्याचा कंपनीचा संदेश हाती येईपर्यंत ते बंदच ठेवावे. तसेच विमानात फोन नक्की एअरप्लेन मोडवर टाकावा. काही विमानांत स्वतःचे मोबाइल नेटवर्क असते, फोन त्याला आपोआप जोडला जाऊ शकतो आणि त्या नेटवर्कचे दर देशासाठी घेतलेल्या पॅकमध्ये बसतीलच असे नाही.

पॅक सुरू झाला आणि बटण चालू केले की खरा प्रश्न पार्श्वभूमीत, म्हणजे ॲप उघडलेले नसतानाही, चालणाऱ्या डेटाचा असतो. इथे नव्याने आलेल्या एका तरुण सहकाऱ्याचा 1 जीबीचा पॅक मुक्कामाच्या पहिल्याच रात्री अर्ध्याच्या आसपास संपला होता. ‘मी फक्त नकाशा पाहिला आणि आईला पोहोचल्याचा निरोप पाठवला,’ असे तो सांगत होता आणि ते खरेच होते. App data usage उघडून पाहिले तेव्हा फोटो साठवणाऱ्या ॲपच्या नावापुढे Foreground मध्ये जेमतेम काही एमबी होते, तर Background मध्ये चारशेहून अधिक. निघण्याच्या दिवशी घरी झालेल्या पूजेचे फोटो आणि निरोपाच्या चित्रफिती त्याने काढल्या होत्या. मुंबईपर्यंतच्या प्रवासात त्या वर चढल्या नाहीत आणि फ्रँकफर्टला नेटवर्क मिळताच ॲपने उरलेले काम हाती घेतले. एका फोटोला 3 ते 4 एमबी आणि फुल एचडी चित्रफितीच्या एका मिनिटाला 60 ते 130 एमबी धरल्यास चाळीस फोटो आणि तीन मिनिटांच्या चित्रीकरणात एवढा डेटा सहज जातो.

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी आपल्या फोनमधील हीच यादी उघडून पाहावी. प्रत्येक ॲपवर बोट ठेवले की पुढून किती आणि मागून किती डेटा गेला हे वेगवेगळे दिसते. ज्यांचा मागचा आकडा मोठा आहे, त्यांच्यासाठी त्याच पानावरील Background data हे बटण बंद करावे. सॅमसंगच्या फोनमध्ये ही यादी Connections मधील Data usage मध्ये असते आणि बटणाचे नाव Allow background data usage असे असते. एकेक ॲप शोधत बसण्यापेक्षा मला उलटी पद्धत अधिक खात्रीची वाटते. Data Saver सुरू केल्यास सर्वच ॲप्सचा पार्श्वभूमीचा डेटा बंद होतो आणि मग ज्यांना खरोखर सूट हवी अशी तीन-चार ॲप्स Unrestricted data च्या यादीत घालता येतात. माझ्या मते त्यात व्हॉट्सॲप, कार्यालयाचा मेल आणि कार्यालयाचे लॉगिन मंजूर करणारे ॲप एवढेच असावे. व्हॉट्सॲपला सूट दिली नाही, तर ते उघडेपर्यंत ना संदेश येतात ना कॉल वाजतो आणि घरचे लोक रात्रभर काळजी करत बसतात.

मात्र व्हॉट्सॲपला सूट देताना त्याच्या आतील दारे बंद करावीत. Storage and data मध्ये When roaming असा स्वतंत्र भाग आहे. त्यातील चारही खुणा काढलेल्या आहेत याची खात्री करून घ्यावी, म्हणजे कुटुंबाच्या गटावर येणारे सुप्रभातचे फोटो आपोआप उतरणार नाहीत. चॅटचा बॅकअप मोबाइल डेटावरून होऊ नये, यासाठीची सोय बॅकअपच्या पानावर असते. फोटोंच्या ॲपमध्येही रोमिंगमध्ये बॅकअप न घेण्याची वेगळी सोय असते. ती पाहून घ्यावी. तसेच निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर सगळा बॅकअप आणि ॲप्सचे अपडेट पूर्ण करून, श्टुटगार्टचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवला, तर फोनकडे परदेशात करण्यासारखे काम फारसे उरतच नाही.

या सर्वाला एक मर्यादा आहे, ती ध्यानात असू द्यावी. पार्श्वभूमीचा डेटा बंद केल्याने आपण उघडलेले ॲप थांबत नाही. ट्रेनची वाट पाहताना पाच मिनिटे छोट्या चित्रफिती पाहिल्या, तर तो खर्च पुढून झालेला असतो आणि त्यावर Data Saver चा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठीच इशारा आणि मर्यादा लावायच्या असतात.

Data warning & limit या पानावर या दोन्ही गोष्टी असतात आणि त्यांत फरक आहे. Data warning हा केवळ इशारा आहे. आकडा ओलांडला की सूचना येते आणि डेटा चालूच राहतो. Data limit मात्र तो आकडा गाठताच मोबाइल डेटा बंद करते. 1 जीबीच्या पॅकसाठी मी 500 एमबीवर इशारा आणि 800 एमबीवर मर्यादा लावण्याचा सल्ला देतो. उरलेले 200 एमबी वाया गेले असे समजू नये. फोन आपल्या परीने मोजतो आणि कंपनी आपल्या परीने. कंपनीचा आकडा वेगळा येऊ शकतो, अशी सूचना अँड्रॉइड त्याच पानावर स्वतःच देते आणि बिल मात्र कंपनीच्याच आकड्यावर येते.

आता यातील सर्वांत फसवा भाग. फोन ही मोजणी महिन्याच्या एका ठरावीक तारखेपासून करतो आणि पुष्कळ फोनमध्ये ती तारीख 1 असते. समजा, आपण 18 तारखेला संध्याकाळी मुंबई नाक्यावरून गाडीने निघालात आणि मुंबईहून विमान 19 च्या पहाटे आहे. 18 तारखेपर्यंत नाशिकमध्ये पंधरा-वीस जीबी वापरून झालेले असतात. अशा वेळी घरी बसून 800 एमबीची मर्यादा लावली, तर ती केव्हाच ओलांडलेली असल्यामुळे फोन तत्काळ डेटा बंद करतो; मग ऐन निघण्याच्या घाईत कंटाळून माणूस मर्यादाच काढून टाकतो. नुसती मोजणीची तारीख 19 करून भागत नाही, कारण 18 ला रात्री बारापर्यंत मागच्या महिन्याच्या 19 पासूनचा वापर चालू मोजणीतच धरला जातो. योग्य क्रम असा आहे. घरी असताना Mobile data usage cycle मध्ये 19 ही तारीख घालावी आणि इशाऱ्याचा व मर्यादेचा आकडा ठरवून ठेवावा. कसारा घाट उतरून विमानतळावर पोहोचल्यावर, मध्यरात्र उलटली की त्या पानावर वापर शून्याजवळ आलेला दिसतो; तेव्हाच Set data limit सुरू करावे. विमानात बसेपर्यंत भारतातच वापरलेले चाळीस-पन्नास एमबीही या मोजणीत येतील, म्हणून त्या दोन-तीन तासांत हात आखडता ठेवावा.

मर्यादा गाठल्यावर जी सूचना येते, तिच्यावर डेटा पुन्हा सुरू करण्याचे बटणही असते. घाईत ते दाबले की पूर्ण मर्यादाच निष्फळ होते, म्हणून सूचना वाचल्याशिवाय त्यावर बोट ठेवू नये.

आयफोनमध्ये अशी मर्यादा लावण्याची सोयच नाही. तेथे Low Data Mode सुरू करणे, Background App Refresh फक्त वायफायपुरते ठेवणे आणि निघताना Reset Statistics करून Current Period Roaming चा आकडा स्वतः पाहत राहणे, एवढेच हाती उरते.

कंपनीच्या पाहुणघरातील वायफायवर डेटाची मर्यादा नसेल, तर खर्चाबाबत निर्धास्त राहावे, पण सहकाऱ्याच्या हॉटस्पॉटला जोडताना तसे करू नये. फोनच्या दृष्टीने तेही वायफायच असू शकते आणि मग थांबवलेले सगळे बॅकअप त्याच्या डेटावर चढू लागतात. त्या वायफायच्या तपशिलात Network usage मध्ये Treat as metered निवडले की फोन ते मोबाइल डेटासारखे जपून वापरतो.

पहिल्या रविवारी बोडनझे तलावाकडे फिरायला जाण्याची पद्धत आपल्या मंडळींत पडून गेली आहे. कॉन्स्टान्झला स्वित्झर्लंडची हद्द अगदी लागून आहे आणि काठावर उभे असताना फोन समोरच्या देशाचे नेटवर्क पकडू शकतो. भारतीय पॅकच्या देशांच्या यादीत स्वित्झर्लंड नसेल, तर तो वापर पॅकबाहेर धरला जातो. युरोपीय संघातील देशांत रोमिंगसाठी जादा पैसे न घेण्याचा 2017 पासूनचा नियमही स्वित्झर्लंडला लागू नाही, त्यामुळे जर्मन सिम घेतल्यावरही ही काळजी सुटत नाही. त्या भागात जाताना नेटवर्क निवड आपोआपवरून काढून जर्मन नेटवर्क हाताने निवडावे, अथवा तेवढा वेळ Roaming बंद ठेवावे.

जर्मन सिम सुरू झाले की मोबाइल डेटासाठी तेच निवडावे, भारतीय सिमचे Roaming बंद करावे आणि एका सिमचे नेटवर्क कमी पडल्यास दुसऱ्यावर डेटा आपोआप वळवण्याची सोय चालू असेल, तर तीही बंद करावी. नव्या सिमसाठी इशारा आणि मर्यादा वेगळ्या लावाव्या लागतात, कारण फोन दोन्ही सिमचा हिशेब स्वतंत्र ठेवतो. भारतीय सिमवरची 800 एमबीची मर्यादा मात्र तशीच राहते. नाशिकला परतल्यावर पहिल्याच दिवशी डेटा बंद पडला, तर कंपनीच्या सेवाकेंद्राला फोन करण्यापूर्वी ती मर्यादा काढून पाहावी.